कालवडीचा बिल्ला आणि माझा अडकलेला प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. दूध सोसायटीच्या हॉलमध्ये जनावरांचे डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवून रोग आणि लसींची माहिती देणार होते. शेतकऱ्यांनी प्रश्न आठवडाभर आधी लिहून द्यायचे होते. मी गल्लीतून अकरा गोळा केले. दहा लगेच घेतले, अडकला तो माझाच: लस टोचूनही आमच्या कालवडीला लाळ्या-खुरकूत कसं झालं?

कागद कन्नडमध्ये. रोगाचं नाव 'कालुबायी' वाचून दाखवलं तर काकूंनी काळूबाई समजून हात जोडले. कन्नडमध्ये कालु म्हणजे पाय, बायी म्हणजे तोंड.

खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "बिल्ला नंबर?" कानातला पिवळा बिल्ला डिसेंबरात कुंपणाच्या तारेत अडकला आणि कान फाडून गेला. बारा आकडे कोण पाठ करतं? "मग लस दिली कशावरून?" म्हणाला आणि तालुक्याला पाठवलं. तालुक्यात म्हणाले, गावातच विचारा. गावात म्हणाले, साहेब रजेवर. तीन फेऱ्या झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि प्रश्न तसाच खिशात. शेवटी लस टोचायला येणाऱ्या दादानं विचारलं, "नोंद कुणाच्या मोबाईलवर हाय?" बाबांच्या! तो नंबर टाकल्याबरोबर आमची तिन्ही जनावरं ॲपमध्ये दिसली. बिल्ल्याचा फोटो फोनमध्ये असता तर हे सगळं टळलं असतं. आणि हो, नवा बिल्ला मारताना तो जुन्या नंबराला जोडायला सांगा, नाहीतर जनावर नवंच धरतात आणि लसींची नोंद कोरी दिसते.

नोंद समोर आल्यावर डॉक्टरांनी भाषणात तीच वाचून दाखवली. मार्चच्या फेरीत कालवड साडेतीन महिन्यांची होती, म्हणून सोडली. ही लस चार महिन्यांनंतर देतात. लहान वासराच्या अंगात आईच्या चिकातून आलेली ताकद असते, ती लसीला नीट लागू पडू देत नाही. सप्टेंबरात पहिला डोस मिळाला. पहिल्या वेळी महिन्याभरानं दुसरा घ्यावा लागतो, मग दर सहा महिन्यांनी एक. तो दुसरा कुणी दिला नाही, आम्हीही मागितला नाही. जानेवारीत तिच्या तोंडाला फेस आला. "एकट्या डोसाची ताकद तोवर उतरलेली असते," डॉक्टर म्हणाले.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, आजार दिसल्यावर सगळ्यांना टोचलं तर? डॉक्टर म्हणाले, लसीची ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलाय, ती तरीही आजारी पडतात. म्हणून लाळ गळायला लागली, खुरांच्या बेचक्यात फोड दिसले की त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे आजूबाजूच्या गोठ्यांना वेळ मिळतो.

मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही कधी कळवलंत?"

चौथ्या दिवशी. सोसायटी दूध घेणं बंद करेल म्हणून हळद-तेल लावत बसलो होतो. समोर शेजारचे तात्या बसले होते, त्यांच्या म्हशीला सहाव्या दिवशी झालं होतं. मी कागदाची घडी घातली आणि खाली बसलो.