मुरलेला डाग, बसलेला तंतू

पांढऱ्या सुती शर्टाचा फोटो आहे. खिशाखाली चहाचा पुसट डाग, त्याच्या शेजारी कुठून तरी चिकटलेला काळा तंतू. दोन्हींवर फोटोशॉपमधला Spot Healing Brush सरसकट फिरवला की काम झाल्यासारखं वाटतं. पण झूम केलं की तिथल्या विणीचा लगदा झालेला दिसतो.

दुखणी दोन आहेत. डाग कापडात मुरलेला असतो, म्हणजे त्याच्याखाली उभे-आडवे धागे जसेच्या तसे दिसत असतात. बिघडलेला असतो तो फक्त रंग आणि उजेड. तंतू मात्र धाग्यांवर आडवा पडलेला असतो. त्याच्याखालचं कापड कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं, ते दुसरीकडून आणावं लागतं.

म्हणून डागाला खोडायचं नाही, धुवायचं. नवा लेअर घ्यायचा, त्याचा ब्लेंड मोड Color ठेवायचा, डागाच्या अगदी शेजारच्या स्वच्छ कापडाचा रंग उचलायचा आणि मऊ ब्रशने डागावर फिरवायचा. या मोडमध्ये खालचा उजेड-अंधार हलत नाही, त्यामुळे वीण शाबूत राहते आणि पिवळेपणा जातो. डाग घडीवर पसरला असेल तर सावलीतल्या भागासाठी रंगही सावलीतूनच उचलावा. उरते ती किंचित काळपट छटा. तिच्यासाठी Curves लेअर, मोड Luminosity, मास्क काळा. मग वक्र थोडा वर उचलून मास्कवर फक्त डागापुरता पांढरा ब्रश, तोही हलक्या फ्लोने. चहाच्या डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद असते. सगळीकडे सारखंच उजळलं तर मधे पांढरा ठिपका आणि भोवती कडं उरतं, म्हणून कडेवर ब्रश जास्त वेळा फिरवायचा.

तंतूसाठी Clone Stamp, वेगळ्या रिकाम्या लेअरवर, Sample मध्ये Current & Below. इथे ब्रश फार मऊ नको. मऊ कडेला जुनी आणि नवी वीण अर्धी-अर्धी मिसळते आणि धुरकट पट्टा उमटतो. ब्रश तंतूपेक्षा जेमतेम रुंद असावा. खरी मेख नमुना कुठून घ्यायचा यात आहे: आडवा धागा उभ्यावरून जातो असा एक नेमका छेद पकडून तिथे Alt-क्लिक करायचं आणि तंतूखाली तसाच छेद जिथे असायला हवा तिथे ठेवायचा. अर्ध्या धाग्याने चुकलात तरी धाग्यांच्या ओळीला पायरी पडते. ट्विलमध्ये तर तिरकी रेघच मोडते आणि ती लांबूनही दिसते. शिवणीतून लोंबणारा सुटा धागाही असाच झाकायचा, पण त्याची सावली विसरू नका. धागा जातो, सावली मागे राहते, आणि ती कशाची हे बघणाऱ्याला कळत नाही.

हे सगळं 100% झूमवर. 66% वगैरे मधल्या आकड्यांवर स्क्रीन स्वतःच विणीत लाटा दाखवते आणि नसलेला दोष दुरुस्त करत बसायला लावते. शेवटी सगळ्यांच्या वर एक तात्पुरता Curves लेअर, वक्र खूप उभा. डागाचं राहिलेलं कडं त्यात लगेच उघडं पडतं. बघून झालं की तो लेअर काढून टाकायचा.

आणि लिननमधल्या जाड गाठी तेवढ्या राहू द्या. त्या कापडाच्याच आहेत.