दुसऱ्या नोटिशीचं उत्तर

ऑगस्ट २०१७. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात होते. त्या सकाळी माझ्या टेबलावर तीन कागद होते: चौकशी अधिकाऱ्यांचा अहवाल, आमची दुसरी कारणे दाखवा नोटीस आणि तिला आलेलं दोन पानी हस्तलिखित उत्तर. दुपारपर्यंत बडतर्फीचा आदेश तयार करायचा होता. मसुदा आदल्या संध्याकाळीच लिहून झाला होता, उत्तर मात्र सकाळीच आलं होतं.

ज्यांच्यावर कारवाई होती ते आमच्या वजनकाट्यावरचे क्लार्क. चौदा वर्षांची नोकरी. गेटमधून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांच्या खिडकीखालून जायची.

आरोप दोन होते. पहिला भंगाराच्या वजनाचा. लोखंडी कीस उचलायला येणारी गाडी आधी रिकामी काट्यावर चढते, मग भरून चढते. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की मालाचं वजन निघतं, आणि भंगारवाला तेवढ्याचेच पैसे देतो. म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन जास्त दाखवलं की तेवढा माल फुकट बाहेर जातो. फेब्रुवारीत ऑडिटच्या मुलाने एकाच गाडीच्या पावत्या शेजारी शेजारी मांडल्या. एरवी ती गाडी रिकामी ४,८६० किलो भरायची, थोडंफार डिझेलच्या फरकाने इकडेतिकडे. तीन पावत्यांवर मात्र तिचं वजन ५,३४० किलो होतं. तिन्ही वेळा तोच आकडा, किलोचाही फरक नाही. खरं वजन इतकं जुळत नाही, म्हणूनच त्या मुलाला संशय आला. प्रत्येक खेपेला ४८० किलो, तीन खेपांत १,४४० किलो.

दुसरा आरोप असा, की गेटवरच्या सुरक्षारक्षकाने गाडीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी त्याला शिवीगाळ करून धमकी दिली.

स्थायी आदेशांत मालकाच्या मालमत्तेसंबंधी अप्रामाणिकपणा हे गैरवर्तन म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे, त्यामुळे पहिल्या आरोपाला पाया होता. आरोपपत्र दिलं, निलंबन केलं. निर्वाह भत्ता पहिले नव्वद दिवस निम्मा आणि त्यानंतर पंचाहत्तर टक्के सुरू ठेवला. चौकशी बाहेरच्या वकिलांनी केली, मराठीतून केली. कामकाजाच्या पानापानावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. बचावासाठी युनियनचा एक सहकारी त्यांच्या शेजारी बसायचा.

त्यांचा बचाव होता, की काट्याची केबल खराब होती, म्हणून वजन हाताने टाकलं. हे एकदम फेटाळण्यासारखं नव्हतं. केबल खरंच बिघडली होती. पण देखभाल विभागाच्या रजिस्टरमध्ये ती दुरुस्त झाल्याची तारीख होती आणि तिन्ही पावत्या त्यानंतरच्या होत्या. त्याच दिवशी आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांची वजनं मशीनवरून आली होती, फक्त याच गाडीचं रिकामं वजन हाताने भरलेलं. देखभालीच्या सुपरवायझरची उलटतपासणी त्यांच्या प्रतिनिधीने तासभर केली, पण तारीख हलली नाही. अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं असतं. इथे ते स्वच्छ झुकलं होतं.

चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही आरोप सिद्ध धरले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला आहे, की चौकशी अधिकारी आणि निर्णय घेणारा अधिकारी वेगळे असतील, तर अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्यावर त्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. म्हणून आम्ही अहवाल जोडून नोटीस दिली: निष्कर्षांवर काय म्हणणं आहे, आणि बडतर्फी का करू नये, सात दिवसांत कळवा. २०११ ची एक जुनी ताकीद विचारात घेणार असल्याचंही त्यात लिहिलं होतं. न सांगता जुनं काही आदेशात घुसवणं मला पटत नाही आणि ते कोर्टात टिकतही नाही.

त्या सकाळी मी ते उत्तर वाचलं. पहिल्या पानावर केबलचीच गोष्ट परत होती. दुसऱ्या पानावर, निळ्या शाईने खाली रेघ मारलेलं वाक्य होतं: “सुरक्षारक्षक चौकशीत एकदाही आला नाही. त्याला मी एकही प्रश्न विचारू शकलो नाही. मग दुसरा आरोप सिद्ध कसा?”

मी कामकाजाची फाईल काढली आणि पान न् पान चाळलं. रक्षक कंत्राटदाराकडचा होता, मे महिन्यातच काम सोडून गेला होता. त्याची लेखी तक्रार आमच्या प्रतिनिधीने दाखल केली, चौकशी अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि तेवढ्यावर आरोप सिद्ध धरला. अहवाल मी दोनदा वाचला होता. दोन्ही वेळा माझं लक्ष वजनांवरच होतं. ज्याची उलटतपासणीच झाली नाही त्याच्या कागदावर माणसाला दोषी धरलं होतं, आणि माझ्या मसुद्यात तेच जसंच्या तसं उतरलं होतं. मला फार लाज वाटली.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “पहिला आरोप पक्का आहे ना? मग दुसरा असू दे, काय फरक पडतो?”

मी म्हटलं, “साहेब, हा माणूस उद्या कामगार न्यायालयात गेला तर पहिला प्रश्न हाच येईल, की नोकरी दोन आरोपांवर गेली की एकावर? दुसरा गळून पडला तर तुम्ही फक्त पहिल्यावर हीच शिक्षा दिली असती का, हे आदेशात आत्ताच दिसायला हवं. आणि न्यायालय बाजूला ठेवलं तरी, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.”

साहेबांनी उत्तर स्वतः वाचलं. मग बराच वेळ त्या तीन पावत्या पाहत बसले. शेवटी म्हणाले, “नुसत्या पहिल्यावरही मी त्याला ठेवणार नाही. ज्याच्या आकड्यावर विश्वास नाही तो काट्यावर कसा बसवू? पण दुसरा काढ.”

आदेश पुन्हा लिहिला. पहिला आरोप, त्याचा पुरावा, केबलच्या बचावाचा विचार आणि तो का मान्य नाही याचं कारण. दुसऱ्या आरोपाबद्दल: “साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसल्याने हा निष्कर्ष व्यवस्थापनास मान्य नाही, शिक्षा ठरवताना तो विचारात घेतलेला नाही.” २०११ ची ताकीद उशिरा येण्याची होती, हेही त्यांनी उत्तरात लिहिलं होतं, ती या गैरवर्तनाशी संबंधित नसल्याने सोडून दिली. चौदा वर्षांच्या सेवेचा विचार केला, तरी गैरवर्तनाचं स्वरूप विश्वासभंगाचं आहे, एवढं शेवटी राहिलं. साहेबांनी सही केली.

साडेचारला ते आले, युनियनचा सहकारी बरोबर होता. मी आदेश वाचून दाखवला. “सेवेतून बडतर्फ” हे शब्द आले तेव्हा त्यांनी मान हलवली नाही की काही बोलले नाहीत. कागद हातात घेऊन मात्र त्यांनी दुसऱ्या आरोपाच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

“हे मी लिहिलं होतं ते, मॅडम?”

“हो. तुमचं म्हणणं बरोबर होतं.”

“मग पहिल्याचं पण ऐकायचं होतंत.”

“ऐकलं,” मी म्हटलं. “पटलं नाही.”

त्यांनी आमच्या प्रतीवर सही केली आणि खाली लिहिलं: “आदेश मिळाला, मान्य नाही.” मग पगाराचं विचारलं. कामाच्या दुसऱ्या दिवसाच्या आत मिळेल, असं मी सांगितलं. अकाउंट्समध्ये फोन लावून त्यांच्यासमोरच तसं कळवलं, आणि आदेशाची आणखी एक प्रत घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवायला बाजूला काढून ठेवली.