आधी पुळण, मग बीच

"बाई, धडा सुरू करायच्या आधी सगळे शब्दार्थ वहीत का नाही लिहून देत? दुसऱ्या शाळांत देतात."

देते. पण शेवटी देते, आणि सगळे देत नाही. पालकसभेत एवढंच सांगून मी गप्प बसते, कारण पुढचं दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. आज सगळं सांगते.

पहिली कित्येक वर्षं मीही तेच करत होते. तास सुरू झाला की फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. मुलं माना खाली घालून उतरवून घेत. ३५ मिनिटांच्या तासिकेतली १५ तर त्यातच जात. वर्ग शांत असे, वह्या भरत, घरी बघणाऱ्याला बरं वाटे, आणि मलाही वाटे. त्या वेळच्या माझ्यावर मी सगळा दोष टाकणार नाही. साठेक मुलांचा वर्ग, घरी इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाच्या हाती काय, तर ती वही. हा विचार तेव्हाही खोटा नव्हता, आजही नाही.

पण एक दिवस असा आला की त्यानंतर ती उभी रेघ मला मारवेना.

आठवीचा वर्ग. समुद्राविषयीचा उतारा होता आणि मी जोरात तयारी केली होती, कारण तपासणीला साहेब यायचे होते. फळ्यावर १४ शब्द. एकाच विषयाचे शब्द एकत्र दिले की ते एकमेकांना धरून लक्षात राहतात, असं मी शिकले होते आणि तसंच मानत होते. म्हणून उताऱ्यात नसलेलेही मी घातले. बीच, कोस्ट, शोर, बे, हार्बर, सगळे एकाखाली एक. बीच म्हणजे समुद्रकिनारा. कोस्ट म्हणजे किनारा. शोर म्हणजे किनारा, काठ. मार्गदर्शक पुस्तकात असंच छापलेलं होतं, मी तेच उतरवलं. मालवणच्या बाजूची शाळा, निम्म्या मुलांच्या घरी होडी नाहीतर जाळं. मला वाटलं, या धड्याला तरी मुलं चमकतील.

साहेबांनी तिसऱ्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. त्याचे वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जात, तोही सुट्टीच्या दिवशी दोरीला हात लावायचा. त्याला विचारलं, बीच आणि कोस्ट यांत फरक काय? तो उभा राहिला. फळ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, "शोर." मागून कुणीतरी हसलं. साहेब काही बोलले नाहीत, नुसती वहीत नोंद केली. आणि मी, माझ्या स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, समुद्रावर जन्म काढलास आणि एवढं येत नाही?"

तो खाली बसला. त्या वर्षी माझ्या तासाला त्याने पुन्हा इंग्रजीत एक शब्द उच्चारला नाही. विचारलं तर उभा राहायचा आणि तसाच उभा असायचा.

दोनेक महिन्यांनी शाळा सुटल्यावर धक्क्यावर तो जाळं निवडताना दिसला. बोलायला म्हणून मी थांबले. तिथे मात्र तो मोकळा होता. हात करून दाखवत होता. ही वाळूची पुळण, तिथे रापण ओढतात. पलीकडे काळे खडक दिसतात ते खडप, तिकडे होडी लावता येत नाही. हा धक्का. आत वळली ती खाडी. एकेका जागेला एकेक नाव, आणि कोणतंच दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मी विचारलं, मग त्या दिवशी का रे नाही सांगितलंस? त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "बाई, तुमी तिनांचो अर्थ किनारोच लिवलास. मगे मी काय सांगूचा?"

त्याचं बरोबर होतं. तीन शब्दांपुढे एकच शब्द लिहिलेला आणि विचारताना मात्र फरक विचारला. फळ्यावर नव्हतंच, तर सांगणार कुठून? फरक ओळखण्याची ताकद त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होती. मी तिला एका शब्दात बुजवून टाकलं होतं.

नंतर मी याबद्दल वाचायला लागले. १९९३ साली थॉमस टिंकहॅम या अभ्यासकाने प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच गटातले नवे शब्द एकत्र दिले, तर ते शिकायला असंबंधित शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो. १९९७ मध्ये रॉब वॉरिंग यांनी जपानी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर तसाच प्रयोग केला, तेव्हाही तेच दिसलं. कारण साधं आहे. दोन्ही शब्द नवे आणि दोन्ही सारखे असले की ते डोक्यात एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. एक पक्का झाल्यावर दुसरा आला तर त्याला आधार मिळतो, बरोबर आला तर गोंधळ होतो. पुढच्या सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, तेही सांगायला हवं. पण माझ्या वर्गात जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. बॉरो आणि लेण्ड एकाच दिवशी शिकवा आणि आठवड्याने मुलं पेन कसं मागतात ते ऐका.

म्हणून आता काय करते, ते शोर या एका शब्दावरून सांगते. बीच त्याआधी आठवडाभर झालेला असतो, त्याच्यापुढे वहीत 'पुळण' लिहिलेलं असतं, आणि मुलं समुद्रावर गेलो याचं इंग्रजी 'वुई वेन्ट ऑन द सी' असं न करता 'वुई वेन्ट टू द बीच' म्हणायला लागलेली असतात. ते कानावर यायला लागल्याशिवाय मी शोरला हात घालत नाही.

त्या दिवशी उताऱ्यातले अडणारे शब्द मी आधीच घरी चाळून ठेवते. १४ असले तर सहाच घेते. ज्याच्यावाचून गोष्ट कळणारच नाही तो घ्यायचा. जो वाक्यावरून ओळखता येईल तो मुलांवर सोडायचा, आणि पुन्हा कधी भेटणार नाही त्याचा अर्थ जाता जाता मराठीत सांगून मोकळं व्हायचं. त्या सहांत समुद्राचा नवा शब्द एकच.

फळा कोरा असतो. एक आडवी रेघ काढते, दूरवर एक होडी. मी होडीत आहे, वल्हं मारते आहे, लांबून माड दिसतात, घरं दिसतात, माणसं हात हलवतात. हे सगळं सोप्या इंग्रजीत बोलते, हातवारे करून. आणि मग, 'आय ॲम कमिंग टू द शोर.' अर्थ आधी डोळ्यांसमोर उभा राहतो, नाव मागून येतं. तीनदा मी म्हणते, मग वर्ग म्हणतो, मग एकेकटा. दरवर्षी कुणीतरी हिंदीतला शोर आठवून आरडाओरडा करतं. मी थांबवत नाही. 'ओ' नाही, तोंड उघडून 'ऑ', एवढं त्याच क्षणी सुधारते, कारण फरक तेव्हाच ऐकू येतो.

लिहिणं अजून नाही. यावरच सहकाऱ्यांशी माझे सगळ्यात जास्त वाद झालेत. पण आयलंड हा शब्द आधी लिहून दाखवा आणि वाचायला सांगा, अर्धा वर्ग 'इस्लँड' म्हणेल. त्यातला एस उच्चारात कधीच नव्हता, काही शतकांपूर्वी दुसऱ्या एका शब्दाकडे बघून स्पेलिंगमध्ये घुसला. मुलाने एकदा चुकीचं वाचलं की ते कानातून काढायला महिना लागतो. कानाने आधी घेतलं तर तो एस नुसता लक्षात ठेवायचा राहतो.

मग प्रश्न. 'समजलं का?' हा प्रश्न मी टाकून दिलाय, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, तळ्याला शोर असतो का? असतो. वाळू असायलाच हवी का? नको, खडप असलं तरी शोरच. आणि बीचला? बीचला वाळू नाहीतर गोटे हवेतच. इथे एखादा हो-नाहीत अडखळला की मला कळतं, कुणाचा शब्द अजून हवेत आहे. मग कुठे फळ्यावर स्पेलिंग, तेही एकटं नाही, 'दे स्वॅम टू द शोर' असं अख्खं वाक्य. शेवटी वहीत मराठी अर्थ, मुलांनी सुचवलेला. एका वर्षी एकाने लिहिलं, 'होडीतून दिसता तो किनारो.' मी तो तसाच ठेवला. शेवटची पाच मिनिटं फळा पुसून, आठवून सांगायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीची तीन मिनिटं पुन्हा, मग आठवड्याने.

कोस्ट आणखी पंधरवड्याने, नकाशा टांगून. मुंबईपासून गोव्यापर्यंत हाताचं बोट फिरवायचं आणि विचारायचं, तळ्याला कोस्ट असतो का? एव्हाना वर्ग ओरडून 'नो' म्हणतो.

याची किंमत मला माहीत आहे. वर्षभरात वहीत शब्द कमी होतात. एकत्र असलेले शब्द मी सुटे करते, पण दहावीच्या कृतिपत्रिकेत दिलेल्या शब्दाशी संबंधित शब्द लिहायला सांगतात आणि तिथे गटच लागतो. माझी एक सहकारी म्हणते, "तू आठवीत सुटे करतेस आणि मला दहावीत बांधावे लागतात." तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. पक्के झाल्यावर मीही एका जाळ्यात मांडून घेते, पण प्रत्येक वर्षी तेवढा वेळ उरतोच असं नाही. पूर आला, सुट्ट्या पडल्या, की चार शब्द एका दिवशी देऊन मीही पुढे जाते. मग त्या रात्री मला चैन पडत नाही.

तो मुलगा दहावीला इंग्रजीत जेमतेम पास झाला. आता मोठ्या बोटीवर जातो. धक्क्यावर भेटला की "बाई" म्हणून थांबतो, मासे न्या म्हणतो. त्या दिवशी वर्गात मी जे बोलले, ते अजून मी त्याच्याजवळ काढलेलं नाही.