केन्श्यूच्या ओळीत काय लिहायचं

बोलणी गुरुवारी सकाळी अकराला होती आणि मी मंगळवारीच कोल्हापूरला पोचले. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, समोर जपानमधली पंप बनवणारी कंपनी, आणि मधे मी, जपानी-मराठी दुभाषी. मला फाउंड्रीच्या मालकांनी नेमलं होतं. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. मेलचा व्यवहार त्यांचा पुतण्या इंग्रजीत करायचा. पण आण्णांचं म्हणणं सरळ होतं: "इंग्रजीत मी हिशोब सांगतो ताई, पण भाव मराठीतच करतो."

कुठल्याही बोलणीआधी मी शब्दांचा एक कागद करते. ए-फोर, पाठपोट, त्याहून जास्त नाही, कारण बोलणी चालू असताना तिसरं पान उलटायला वेळ नसतो. शब्द अक्षरांच्या क्रमाने नसतात. ज्या क्रमाने विषय निघणार त्या क्रमाने लावते: आधी कास्टिंग, मग दर्जा, मग भाव, मग पैसे. डावीकडे मराठी शब्द, मधे जपानी, आणि उजवीकडची जागा मोकळी ठेवते. ती सगळ्यात महत्त्वाची. शब्द जुळतो असं वाटतं पण अर्थ जुळत नाही, तिथे त्या जागेत पूर्ण वाक्य लिहायचं.

यावेळी माझ्याकडे ड्रॉइंगं, जुनी कोटेशनं आणि जपानी कंपनीने पाठवलेल्या कराराचा मसुदा होता. कागदपत्रांतून निम्मा कागद भरला. उरलेला निम्मा शॉपवर, म्हणजे कारखान्यात काम चालतं तिथे, जाऊन भरायचा असतो, कारण डावीकडच्या रकान्यात कोशातला मराठी शब्द असून उपयोग नाही. समोर बसलेला माणूस जे बोलतो तेच हवं.

मोल्डिंगला तीस वर्षं काढलेले एक मामा माझ्याबरोबर फिरले. वितळलेल्या लोखंडाला ते 'रस' म्हणत होते. रस तयार झाला, रस थंड पडला, रस पुरला नाही. मी लगेच लिहून घेतलं. जपानी ओतकामात याच रसाला 'यू' म्हणतात, आणि रोजच्या जपानीत यू म्हणजे गरम पाणी. रस साच्यात नीट फिरतो का ते 'यूमावारी'. रसाचे दोन प्रवाह साच्यात भेटले पण एकजीव झाले नाहीत, तर जी रेघ राहते ती 'यूझाकाई'. शॉपवर तिला कोल्ड शट म्हणतात. मामांनी बाजूला काढलेला एक तुकडा उचलून मला दाखवला. करड्या पृष्ठभागावर केसासारखी बारीक रेघ होती, कडा गोल झालेल्या. "बघा, हितं रस आला, पण मन लागलं न्हाई त्याचं," ते म्हणाले. मी त्या रेघेवरून नख फिरवलं आणि मगच कागदावर ओळ लिहिली. वस्तू हातात घेतलेली असली की तिचा शब्द ऐनवेळी अडत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरी जागा धोक्याची होती. शॉपवर सगळे 'यिल्ड' म्हणत. आण्णांकडे मेथड्स, म्हणजे रस साच्यात कसा न्यायचा याची आखणी, बघणारा मुलगा म्हणाला, "या पार्टला आपला यिल्ड ६५ टक्के आहे." म्हणजे १०० किलो रस ओतला तर ६५ किलो कास्टिंग मिळतं. बाकीचं रनर-रायझरमध्ये, म्हणजे रस साच्यात नेणाऱ्या आणि जादा रस धरणाऱ्या वाटांमध्ये, जातं आणि पुन्हा भट्टीत पडतं. जपानीत यिल्डला 'बुदोमारी' म्हणतात, पण बुदोमारी दोन्हीला लागू पडतो: ओतलेल्या रसातलं किती कास्टिंग झालं यालाही, आणि शंभर नगांतले किती चांगले निघाले यालाही. दर्जा बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरा अर्थ असतो. त्याला मी नुसतं "बुदोमारी ६५ टक्के" सांगितलं, तर शंभरातले पस्तीस नग भंगार निघतात असं तो समजणार. म्हणून कागदावर एका ओळीच्या दोन केल्या. 'इकोमी बुदोमारी' म्हणजे रसाचा यिल्ड, ६५. 'र्योहिनरित्सु' म्हणजे चांगल्या नगांचं प्रमाण, ९६. खाली लाल शाईने लिहिलं: नुसता बुदोमारी आला तर आधी विचारायचं, कुठला?

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आकड्यांची चौकट. जपानी मोजणी दहा हजाराच्या पटीत चालते. दहा हजार म्हणजे एक मान, आणि दहा हजार मान म्हणजे एक ओकु. आपला एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान, आणि एक ओकु म्हणजे आपले दहा कोटी. इतकी वर्षं हे काम करूनही ही चौकट मी दर वेळी नव्याने हाताने लिहिते, आणि त्या बोलणीत येणार हे माहीत असलेले आकडे आधीच बदलून ठेवते. साचा आणि कास्टिंगची पोकळी घडवणाऱ्या पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा खर्च १८ लाख, म्हणजे १८० मान रुपये. रक्कम बोलताना शून्य मोजत बसायचं नसतं.

बुधवारी संध्याकाळी कागद जवळपास झाला होता. पैशाच्या भागात 'केन्श्यू' असा शब्द होता. मी समोर 'मालाची तपासणी' लिहून पुढे गेले होते. रात्री मसुदा शेवटचा वाचताना खटकलं. दर्जाच्या कलमात तपासणीसाठी दर वेळी 'केन्सा' वापरलं होतं. पैशाच्या कलमात मात्र एकदाही केन्सा नाही, सगळीकडे केन्श्यू. एकाच करारात दोन जवळचे शब्द इतक्या शिस्तीने वेगळे ठेवलेले असले, की त्यांचा अर्थ एक नसतो. दोन्हींतलं पहिलं अक्षर एकच आहे, 'केन्', तपासणं. पण केन्श्यूतलं दुसरं अक्षर 'आत घेणं, जमा करून घेणं' असं आहे. केन्सा म्हणजे माल तपासणं. केन्श्यू म्हणजे माल तपासून, बरोबर आहे असं ठरवून, तो आपला म्हणून कागदोपत्री स्वीकारणं. तपासणी आज होऊ शकते आणि केन्श्यू पुढच्या आठवड्यात.

आणि कलमात लिहिलं होतं: केन्श्यू ज्या महिन्यात होईल त्या महिन्याच्या अखेरीस हिशोब बंद, आणि पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस. जपानमध्ये ही नेहमीची पद्धत आहे, त्यात वावगं काही नाही. पण आण्णांच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत होतं. पुतण्याने त्यांना सांगितलं होतं, "डिलिव्हरीनंतर साधारण साठ दिवस." आणि आण्णांची डिलिव्हरी म्हणजे ट्रक गेटबाहेर पडला ती तारीख.

मी कागदावरचं 'तपासणी' खोडलं आणि उजवीकडच्या जागेत एक उदाहरण मांडलं. माल ५ जूनला सुटला. जहाज, कस्टम, सगळं धरून त्यांच्या गोदामात ५ जुलैला पोचला. केन्श्यू १२ जुलैला झाली. हिशोब ३१ जुलैला बंद, पैसे ३१ ऑगस्टला. ट्रक सुटल्यापासून ८७ दिवस. आता जहाजाला उशीर झाला किंवा तपासणारा माणूस रजेवर होता, आणि केन्श्यू ३१ जुलैच्या ऐवजी १ ऑगस्टला झाली. पैसे ३० सप्टेंबरला. ११७ दिवस. एका दिवसाच्या फरकाने एक महिना.

सकाळी आठला मी आण्णांना हे दाखवलं. बोलणी कशी करायची हे सांगणं माझं काम नाही आणि मी ते करत नाही. पण शब्दाचा अर्थ माझ्या माणसाला आधी नीट कळलाय ना, हे पाहणं माझं काम आहे. ऐन बैठकीत असा शब्द उलगडायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात विषय पुढे गेलेला असतो.

आण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी माल ठेवून घेतला आणि केन्श्यू केलीच न्हाई तर?"

"तर तारीख सुरू होत नाही."

"याला काही दिवस बांधून घेता येत्यात का?"

"तशी पद्धत आहे. अमुक दिवसांत काही कळवलं नाही, तर केन्श्यू झाली असं धरायचं. त्याला 'मिनाशी केन्श्यू' म्हणतात."

"लिहा ते," आण्णा म्हणाले. मी केन्श्यूच्या खाली ओळ वाढवली.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगून ठेवली. समोरून 'केन्तो शिमास' आलं तर मी "विचार करू" एवढंच म्हणणार. पुष्कळदा तो सभ्य नकार असतो, कधी खरोखरचा विचार असतो. ते ओळखायचं काम तुमचं, मी त्याचा नकार करून सांगणार नाही. आणि तुम्ही "होऊन जाईल" म्हणालात तर तिकडे तो शब्द दिल्यासारखा ऐकू जाईल. आण्णांनी मान डोलावली.

अकरा वाजता तिघे आले. तासाभरात दर्जाच्या बाईंनी बुदोमारी विचारला. मी कुठला ते विचारलं, त्या म्हणाल्या, "र्योहिनरित्सु." ९६ ऐकून त्यांनी पुढचं पान उलटलं. पॅटर्नच्या खर्चावर मात्र ओढाताण झाली आणि तो विषय तसाच राहिला.

पैशाचं कलम आलं तेव्हा आण्णांनी कागदाकडे न बघता मांडलं: माल गोदामात पोचल्यापासून दहा कामाचे दिवस. तेवढ्यात काही कळवलं नाही तर माल मान्य. नंतर दोष निघाला तर बदलून देऊ, ते वेगळं. मी मिनाशी केन्श्यू म्हटल्याबरोबर खरेदीच्या साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं, हळू आवाजात दोन वाक्यं झाली. मग ते म्हणाले, "मोचिकाएत्ते केन्तो शिमास."

"हे बरोबर घेऊन जातो आणि विचार करतो, असं म्हणताहेत," मी सांगितलं. पुतण्या काहीतरी बोलायला गेला, आण्णांनी त्याच्या हातावर हात ठेवला. नंतर चहा आला.

दुपारी सगळे शॉपवर गेले. ओतकाम चालू होतं. खरेदीच्या साहेबांबरोबर आलेला तरुण इंजिनिअर लॅडलकडे बोट दाखवून मला म्हणाला, यूला इथे काय म्हणतात? मी रस म्हणाले. मामा आवाज चढवून म्हणाले, "रऽस!" त्याने वहीत लिहून घेतलं, आणि मी सांगितलं की उसाच्या रसालाही हाच शब्द आहे. तेव्हा तो खळखळून हसला.

सतरा दिवसांनी पुतण्याने मला मेल पुढे पाठवली. कलम बदललं होतं. दहाऐवजी पंधरा कामाचे दिवस, पण मिनाशी केन्श्यूचं वाक्य आत होतं. हिशोब बंद करायची पद्धत तशीच राहिली होती. मी तो जुना कागद काढला, केन्श्यूच्या ओळीत दहा खोडून पंधरा लिहिलं, आणि पुढच्या खेपेसाठी फाइलला लावला.