तीन महिन्यांच्या बाळाशी बोलायचं तरी काय? तुम्ही विचारलंत म्हणून

“आमचं बाळ तीन महिन्यांचं झालंय. खेळणी न आणता तेवढ्याशा जिवाशी तुम्ही दिवसभर खेळायचात काय आणि बोलायचात तरी काय?”

सोसायटीत कोणाकडे बाळ झालं की हे येतंच, माहेरी गेले की येतं, लसीच्या रांगेत शेजारी बसलेली बाई विचारते, आणि मी दर वेळी अर्धवट काहीतरी सांगून मोकळी होते कारण उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाहीये. आज नीट लिहिते. आणि एक आधीच सांगून टाकते, सुरुवातीला खेळणी आणली नाहीत त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. घरात एकच पगार होता आणि डिलिव्हरीचं बिल फेडायचं चाललं होतं. लोक म्हणायचे वा, मुद्दाम आणत नाही ना, छान केलंत, आणि मी मान हलवायचे. पुढे हातात पैसे आले तरी आणली नाहीत, ते मात्र मुद्दाम.

दिवसभर खेळायचं नसतं, हे पहिलं. या वयात बाळ दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतं, उरलेल्यातलं बरंच दूध पिण्यात, रडण्यात आणि आंघोळीत जातं. खरा खेळाचा वेळ म्हणजे दूध पिऊन ढेकर झाली, लंगोट बदलला, डोळे टक्क उघडे आहेत आणि हातपाय शांत आहेत अशी पाच-दहा मिनिटं, ती दिवसातून काही वेळा मिळतात. तेवढी पकडायची. भुकेलं किंवा झोपेला आलेलं बाळ समोर घेऊन तुम्ही कितीही गोड बोललात तरी ते रडणारच, मग आपल्याला वाटतं याला बोलणं आवडत नाही.

मी काय करायचे ते सांगते. लेकीला पाठीवर निजवायची किंवा माझे गुडघे वर घेऊन मांड्यांवर माझ्याकडे तोंड करून ठेवायची, मानेला हात. चेहरा वीत-सव्वा वीत अंतरावर, कारण त्या टप्प्यात तिला सगळ्यात स्पष्ट दिसतं. उजेड माझ्या तोंडावर पडेल असं बसायचं, खिडकी माझ्या पाठीमागे असली की तिला नुसती काळी सावली दिसणार. आणि मग एकच वाक्य, हळू, थोडं लांबवून, “उठलीऽऽ माझी बाय?” आणि गप्प.

हे गप्प बसणं लोकांना जमत नाही. तिथेच सगळं बिघडतं. आपण विचारतो, एक सेकंद थांबतो, उत्तर आलं नाही की लगेच दुसरं वाक्य, मग टाळी, मग चुटकी, मग खुळखुळा. तीन महिन्यांच्या बाळाला ऐकून, चेहरा बघून, स्वतःचं तोंड हलवून आवाज काढायला वेळ लागतो, पाच सेकंद, कधी दहा. मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. आधी डोळे मोठे व्हायचे, मग पाय चालू व्हायचे, मग ओठांचा गोल व्हायचा, जीभ थोडी बाहेर, आणि मग कुठून तरी “अंऽगू” यायचं. आलं की मी तोच आवाज तिला परत द्यायचे, त्याच सुरात, “अंऽगू? असं झालं?” आणि परत गप्प. झाला खेळ. पुन्हा तिची पाळी. बोलणं म्हणजे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने थांबायचं हे बाळ एकही शब्द यायच्या कितीतरी आधी शिकत असतं, आणि ते शिकायला त्याला समोर थांबणारं माणूस लागतं.

आता ती संध्याकाळ, जिच्याबद्दल मी कधी कोणाला धड सांगितलेलं नाही.

ह्यांच्या आत्या आणि आणखी बरीच मंडळी बाळ बघायला आली होती. हॉलमध्ये ट्यूबलाइट, टीव्ही चालू, सगळे एकदम बोलतायत, चहाच्या कपांचा आवाज. आत्यांनी एक बॅटरीवर फिरणारं, दिवे लागणारं, गाणं वाजवणारं खेळणं आणलं होतं, प्रेमाने आणलं होतं ते मी नाकारत नाही. लेक नुकतीच या मांडीवरून त्या मांडीवर जाऊन आली होती. आत्यांनी तिला घेतलं आणि ते खेळणं तिच्या तोंडासमोर धरलं. तिने क्षणभर बघितलं, डोळे विस्फारले, आणि मान दुसरीकडे वळवली. आत्यांनी खेळणं त्या बाजूला नेलं. तिने मान परत फिरवली. जांभई दिली. उचकी लागली. हाताची बोटं ताणून पसरली, पंजा उघडा, कोणी “थांब” म्हणावं तशी. खेळणं पुन्हा समोर. मग तिने समोर कोणी नाहीच असं भिंतीकडे बघायला सुरुवात केली, एकटक.

आत्या म्हणाल्या, “अगं, ही बघतच नाही की! नजर देत नाही. हिला ऐकू येतं ना नीट? दाखवलंस का कोणाला?”

हॉल एकदम शांत झाला. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग एकेक सुरू झालं, आमच्या जावेच्या माहेरी असंच एक मूल होतं, तुम्ही घरात काही रंगीत ठेवतच नाही ना म्हणून असेल, या वयात मेंदूला खाद्य लागतं. मी तिला घेतलं आणि आतल्या खोलीत गेले. तिथे अंधार होता. ती माझ्या खांद्यावर थोडा वेळ कुरकुरली आणि झोपली, आणि मी मात्र रात्रभर चुटक्या वाजवून, भांड्यावर चमचा आपटून बघत होते की दचकते का. दचकत होती. तरी विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जन्मानंतर झालेल्या कानाच्या ओएई तपासणीचा कागद बघितला, मग तिच्यासमोर स्वतःचा चेहरा आणून न बोलता हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे नेला, तिची नजर शेवटपर्यंत त्या चेहऱ्यामागे गेली. ते हसले, ती हसली. मग त्यांनी मला काल काय काय झालं ते क्रमाने सांगायला लावलं. जांभई, उचकी, पसरलेली बोटं, वळवलेली मान हे ऐकल्यावर म्हणाले, “अहो, ती बोलत होती की तुमच्याशी. बास झालं म्हणत होती. तिला उठून जाता येत नाही, मान वळवता येते.”

हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. बाळ बोलता बोलता मध्येच दुसरीकडे बघतं, थोडा दम घेतं आणि परत येतं, हे मी रोज बघत होते आणि रोज थांबत होते. पण त्या हॉलमध्ये मी ते तोंडाने म्हणू शकले नाही. नवीन सुनेने मोठ्यांच्या हातून बाळ काढून घेऊन “तिला आता नको आहे” म्हणायचं, हे आमच्या घरात तरी सोपं नाहीये, आणि ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी मला सल्ला देऊ नये.

तर मान वळवली की मागे जायचं नाही. टाळी नाही, हाक नाही, त्या बाजूला जाऊन तोंड दाखवणं नाही. आपण जिथे आहोत तिथेच राहायचं. बहुतेक वेळा ती परत बघायची, आणि परत बघितलं तेव्हा माझा चेहरा तिथेच असायचा. दोनदा-तीनदा वळूनही आली नाही, कुरकुर सुरू झाली, की त्या वेळचा खेळ संपला.

याची दुसरी बाजूही आहे. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या बाळांसमोर त्यांच्या आयांना थोडा वेळ निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं होतं. बाळं आधी हसून, आवाज काढून आईला परत आणायचा प्रयत्न करायची, आणि आई येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवायची, रडवेली व्हायची. मी हे वाचलं आणि दूध पाजताना मोबाइल बघणाऱ्या माझ्याच चेहऱ्याचा विचार करत बसले. रात्री तीनला पाजताना मोबाइल नाही बघायचा तर काय करायचं, हेही मी स्वतःशीच भांडले. दिवसा बंद केला, रात्री नाही. यापेक्षा जास्त मला जमलं नाही आणि जमायला हवं होतं का हेही माहीत नाही.

बाकी खेळ म्हणाल तर घरातलंच. हातमोजे काढून टाका, या वयात बाळाला स्वतःचे हात सापडतात, ते डोळ्यांसमोर धरून बघत बसतं, मुठी चोखतं, त्यासमोर विकतचं काहीच टिकत नाही. नखं तेवढी कापून ठेवा. लाल ओढणीचं टोक छातीपासून हातभर वर धरून अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचं, नजर सुटली तर आपण जोरात नेतोय असं समजायचं आणि खेळून झालं की ओढणी उचलून ठेवायची, बाळाजवळ सोडायची नाही. तेल लावताना आधी सांगायचं, “आता हा पाय,” थांबायचं, मग पाय धरायचा. थोड्या दिवसांनी वाक्य ऐकूनच पाय हलायला लागतो.

आणि पालथं घालणं. जागेपणीच, आपण समोर असताना, झोपवायचं मात्र पाठीवरच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभरात सगळं मिळून किमान अर्धा तास, पण तो एकदम नाही, मिनिट-दोन मिनिटं करत. आमची सतरंजीवर रडायची म्हणून मी मागे रेलून तिला छातीवर पालथी घ्यायचे, माझा आवाज आला की मान वर काढायची, बघायची, टेकवायची. नंतर सतरंजीवर, छातीखाली टॉवेलची छोटी गुंडाळी, आणि मी समोर जमिनीला गाल लावून. मान उचलायला तिला कारण हवं असतं आणि ते कारण आपलं तोंड.

ते बॅटरीचं खेळणं कपाटात आहे. ते वाईटच होतं असं मी आता छातीठोकपणे म्हणत नाही, शांत खोलीत, दुरून, आवाज बंद करून कदाचित तिने आवडीने बघितलंही असतं. पण ते तिच्या “अंऽगू”ला उत्तर देत नाही, ती थांबली तरी थांबत नाही, म्हणून मला ते आणि तसली बाकीची नको होती.

आत्यांचं बोलणं मला अजून सलतं. पण ऐकू येतं का, हा प्रश्न त्यांनी विचारला यात काही गैर नव्हतं, भर हॉलमध्ये विचारला हे गैर होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला फार वेळ लागला. म्हणून तुमच्या प्रश्नाला हेही जोडते. तीन महिने पूर्ण झाले तरी बाळ शांत वेळी, एकट्या माणसाकडे बघूनही हसत नसेल, हळू हलणाऱ्या चेहऱ्यामागे नजर जात नसेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल किंवा काहीच आवाज काढत नसेल, तर नुसतं बोलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बाळ लवकर जन्मलेलं असेल तर वय डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात, तेही त्यांना सांगा. साडेतीन महिन्यांच्या लसीला जाणारच आहात, जन्मानंतर कानाची तपासणी झाली नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या. घरचे म्हणतील आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात. म्हणू देत, तपासणी करून या.