मामांचं रेडिओ चॅनेल माझ्या खात्यावर: कामाची नोंद

व्हॉल्व्ह रेडिओच्या दुरुस्तीचं मामांचं यूट्यूब चॅनेल आता माझ्या जीमेलवर आलंय. साडेचार हजारांच्या आसपास सबस्क्रायबर होते, ते सगळे जागेवर आहेत. आपल्यातल्या बऱ्याच जणांची चॅनेल्स अशीच कुणा ज्येष्ठाच्या खासगी खात्यावर चालतात. म्हणून मी काय केलं आणि कुठे थांबून पाहिलं, ते सविस्तर लिहून ठेवते.

मामा दांडिया बाजारात राहतात. आता त्यांना बारीक डाग देणं डोळ्यांमुळे जमत नाही. चॅनेल मी चालवावं असं त्यांचंच म्हणणं होतं, आणि त्यांनी पहिल्यांदा सुचवलेला मार्ग अगदी साधा होता: "अगं, पासवर्ड घेऊन जा की." पण त्या एका जीमेलवर त्यांची बँकेची पत्रं येतात, नातवंडांचे फोटो साठलेत, पेन्शनची कागदपत्रं आहेत. पासवर्ड दिला की चॅनेलसोबत हे सगळंच माझ्या हातात येणार. शिवाय मी माझ्या संगणकावरून आत गेले की खातरजमेचा कोड त्यांच्या मोबाइलवर जाणार, म्हणजे दर वेळी त्यांना फोन. आणि पुढे कधी ते खातं बंद करायचं ठरलं, तर चॅनेलही त्याच्याबरोबर जाणार.

दुसरा मार्ग यूट्यूब स्टुडिओतल्या परवानग्यांचा. तिथे मला मॅनेजर करून मामा मोकळे झाले असते आणि मी व्हिडिओ चढवू शकले असते. रोजच्या कामाला ते पुरतं, पण मालकी हलत नाही. स्टुडिओतून मालकी दुसऱ्याला देताच येत नाही. ती हलते फक्त ब्रँड अकाउंटमधून, म्हणजे कुणा एकाच्या खासगी जीमेलला न बांधलेल्या, अनेकांना आपापल्या लॉगिनवरून चालवता येणाऱ्या गूगल खात्यातून, आणि मामांचं चॅनेल ब्रँड अकाउंटवर नव्हतं.

हे ओळखायचं कसं? ज्या खात्यावर चॅनेल आहे त्यात लॉगिन करून `myaccount.google.com/brandaccounts` उघडायचं. यादीत चॅनेलचं नाव दिसलं, तर ते ब्रँड अकाउंटवर आहे आणि अर्धं काम वाचलं. आमची यादी रिकामी निघाली. म्हणजे काम दोन टप्प्यांचं: आधी मामांच्याच लॉगिनमध्ये चॅनेल खासगी खात्यावरून ब्रँड अकाउंटवर न्यायचं, मग त्या ब्रँड अकाउंटची मालकी माझ्याकडे घ्यायची. हे दोन टप्पे एकमेकांत मिसळू नयेत. पहिल्या टप्प्यात नव्या मालकाच्या ईमेलचा काही संबंधच येत नाही.

शनिवार, तयारी

आधी `youtube.com/account_advanced` उघडून चॅनेल आयडी उतरवून घेतला. `UC` ने सुरू होणारी ती लांबलचक ओळ म्हणजे चॅनेलची खरी ओळख. लोक सबस्क्राइब करतात ते या आयडीला. मालकाच्या ईमेलला नाही. ईमेल पडद्यामागे बदलला तरी आयडी तोच राहतो, म्हणून सबस्क्रायबरही राहतात. नवं चॅनेल काढून "आता इकडे या" असं सांगितलं, तर निम्मे लोकही येतील याचा भरवसा नाही. हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

सबस्क्रायबरचा आकडा स्टुडिओतून घेतला. चॅनेलच्या पानावर तो शेवटचे अंक कापून, थोडक्यात दिसतो. तिथला आकडा धरून ताळा केला, तर आठ-नऊ माणसं गळाली तरी कळणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला कमेंट्समध्ये, आणि मला तो गेलाच पाहिजे असं वाटत होतं. चॅनेल हलवताना दुसऱ्यांनी आपल्या व्हिडिओखाली लिहिलेलं राहतं. पण चॅनेलच्या नावाने आपण स्वतः लिहिलेली उत्तरं सोबत येतील असं धरून चालू नये. मामांच्या चॅनेलचा अर्धा जीव त्या उत्तरांत आहे. एका व्हिडिओखाली कुणीतरी विचारलंय की रेडिओ सुरू केल्यावर दहा मिनिटांत आवाज फाटतो आणि EL84 व्हॉल्व्ह भाजतो. मामांनी खाली लिहिलंय: व्हॉल्व्ह बदलू नका, आधी त्याच्या ग्रिडला जोडलेला जुना कागदी कपॅसिटर काढा. तो गळायला लागला की मागच्या टप्प्यावरचा उच्च दाब ग्रिडवर झिरपतो, व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर करंट वाहतो आणि नवा व्हॉल्व्हही तसाच भाजतो. हे व्हिडिओत नाही, फक्त त्या उत्तरात आहे.

म्हणून `takeout.google.com` वरून यूट्यूबचा सगळा डेटा उतरवून घेतला. त्यात आपण लिहिलेल्या कमेंट्सचीही फाइल मिळते. कामाची उत्तरं निवडून त्या-त्या व्हिडिओच्या वर्णनात चिकटवली. मामा शेजारी बसून "हे घे, हे नको" सांगत होते. वर्णन हा व्हिडिओचाच भाग, त्यामुळे ते व्हिडिओबरोबर जाणारच.

रविवार, हलवणं

ब्रँड अकाउंट वेगळं काढायला लागत नाही. मामांच्याच लॉगिनमध्ये `youtube.com/channel_switcher` उघडून नवं चॅनेल काढलं, की त्याबरोबर एक ब्रँड अकाउंट तयार होतं. त्यात एक रिकामं चॅनेल बसलेलं असतं. आपलं भरलेलं चॅनेल त्याच्या जागी बसवायचं आणि ते रिकामं पुसलं जाऊ द्यायचं.

या ठिकाणी जपायला हवं. पुसलं जाणारं चॅनेल व्हिडिओ, प्लेलिस्ट, सगळ्यासकट जातं. म्हणून त्या रिकाम्या चॅनेलचं नाव मुद्दाम मूळ नावाशी अजिबात न जुळणारं ठेवलं: "रिकामी जागा". दोन्हींची नावं सारखी ठेवली, तर पुढच्या पडद्यावर कोणतं कोणतं हे कळायला मार्ग नाही.

मग चॅनेल बदलून पुन्हा मूळ चॅनेलवर आलो, कारण जे हलवायचं त्यातूनच सुरुवात करावी लागते. वरच्या कोपऱ्यातलं चित्र मामांच्या चॅनेलचं आहे ना, ते पाहिलं. `youtube.com/account_advanced` वर चॅनेल ब्रँड अकाउंटकडे हलवण्याचा दुवा असतो. तो दाबल्यावर पासवर्ड पुन्हा विचारला. पुढे ब्रँड अकाउंटची यादी आली, त्यात "रिकामी जागा" निवडली. तिथे आधीच एक चॅनेल आहे असं सांगून बदली करण्याचं बटण आलं आणि ते चॅनेल पुसलं जाईल असा इशाराही आला. इशाऱ्यात नाव कोणाचं आहे हे मामांना मोठ्याने वाचायला लावलं. मूळ चॅनेलचं नाव दिसलं असतं, तर तिथूनच मागे फिरायचं असं आधीच ठरवलं होतं. शेवटच्या पडद्यावर दोन्ही नावं पुन्हा दिसतात. ती जुळल्यावरच `Move channel` दाबलं.

लगेच घाबरून काही पुन्हा दाबू नये. थोडा वेळ देऊन पान नव्याने उघडलं आणि तीन गोष्टी पाहिल्या: चॅनेल आयडी वहीतल्याशी अक्षरन् अक्षर जुळतो का, स्टुडिओतला आकडा तोच आहे का, आणि मी माझ्या खात्यावरून पाहिलं तर "सबस्क्राइब्ड" अजून दिसतं का. तिन्ही ठीक. चॅनेलच्या नावात काही फरक पडलाच, तर स्टुडिओत दुरुस्त करता येतो. मात्र 14 दिवसांत दोनदाच, म्हणून नाव एकदाच नीट लिहावं.

त्याच संध्याकाळी दुसरा टप्पा सुरू केला. `myaccount.google.com/brandaccounts` वर आता चॅनेलचं नाव आलं होतं. ते उघडून `Manage permissions` मधून माझ्या जीमेलला मालक म्हणून आमंत्रण पाठवलं. मॅनेजर निवडून चालत नाही, कारण मालक अनेक असले तरी मुख्य मालक एकच असतो, आणि तो करायचा तर माणूस आधी मालक असावा लागतो. मेल आला, मी स्वीकारलं. एखाद्याने पूर्वी स्टुडिओतल्या परवानग्या सुरू करून ठेवल्या असतील, तर ब्रँड अकाउंटमधून दिलेले हक्क यूट्यूबवर लागू होत नाहीत. तेव्हा आधी स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या बंद कराव्या लागतात. आमंत्रण स्वीकारूनही चॅनेल दिसत नसेल, तर पहिल्यांदा तिथेच पाहावं.

मधला आठवडा

मालक झाल्यापासून 7 दिवस उलटल्याशिवाय मुख्य मालक होता येत नाही. घाईत असणाऱ्याला हा नियम जाचक वाटेल, मला तो योग्य वाटतो. कुणी चोरून आत शिरून स्वतःला मालक केलं, तरी खऱ्या मालकाला त्याला हाकलायला आठवडा मिळतो. काम अडत नाही. याच काळात मी एका जुन्या मर्फीच्या डायलची दोरी बदलण्याचा व्हिडिओ माझ्या लॉगिनवरून चढवला. आधीच्या सबस्क्रायबरांच्या कमेंट्स आल्या आणि एकानेही "चॅनेल बदललं का" असं विचारलं नाही. माझ्या खात्यावर दोन टप्प्यांची खातरजमाही याच काळात लावून घेतली. आता चॅनेलचं कुलूप तेच खातं आहे.

पुढचा सोमवार

मामांनी त्यांच्या लॉगिनमधून त्याच परवानग्यांच्या पानावर माझ्या नावापुढची यादी उघडली आणि मुख्य मालक निवडलं. हे जुन्या मुख्य मालकालाच करावं लागतं, नवा माणूस ते स्वतः ओढून घेऊ शकत नाही. त्यामुळे जुनं खातं उघडतंय तोवरच हे काम उरकावं. पासवर्ड हरवल्यावर किंवा माणूस गेल्यावर धावाधाव करून हे जमत नाही. मामांना मी काढलेलं नाही. ते आता मॅनेजर आहेत आणि कमेंट्सना त्यांना हवी तेव्हा उत्तरं देतात.

ज्यांच्या चॅनेलला पैसे मिळतात त्यांच्यासाठी एवढंच, की मालकी गेली म्हणून ॲडसेन्स जात नाही. जुनं ॲडसेन्स जोडलेलं राहतं आणि पैसे जुन्याच माणसाच्या बँकेत जातात. नव्या मालकाने स्टुडिओच्या कमाईच्या भागात जाऊन आपलं ॲडसेन्स जोडायचं. ही जोडणी 32 दिवसांतून एकदाच बदलता येते, म्हणून आपलं ॲडसेन्स खातं आधी मंजूर करून घ्यावं आणि मगच बदल करावा. आमच्या चॅनेलला हा प्रश्न नव्हता.

आता उरलंय ते उत्तरांचं काम. टेकआउटच्या फाइलमधली निम्मी उत्तरं अजून वर्णनांत गेलेली नाहीत. EZ81 च्या जागी डायोड बसवण्याबद्दल मामांनी तीन ठिकाणी तीन वेगळ्या प्रकारे लिहिलंय. त्यातलं कोणतं ठेवायचं, हे येत्या रविवारी त्यांच्याकडे बसून ठरवणार आहोत. कुणाकडे त्या बदलानंतरचे व्होल्टेज मोजलेले असतील, तर मला कळवा.