इस्तंबूलमधला एक दिवस: दोन मशिदी, आयासोफिया आणि एक चर्च

पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत इस्तंबूलला जाणाऱ्यांचा पहिला दिवस बहुधा सुलतानअहमत भागात जातो. निळी मशीद आणि आयासोफिया समोरासमोर आहेत, सुलेमानिये मशीद तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि संध्याकाळी इस्तिकलाल रस्त्यावरचं सेंट अँथनी चर्च. हा सगळा बेत एका दिवसात नीट बसतो. त्यासाठी नमाजाच्या वेळा आणि अंगावरचे कपडे या दोन गोष्टी आदल्या रात्रीच ठरवायला हव्यात.

आधी वेळा. तुर्कस्तानचं घड्याळ सूर्यापेक्षा तासभर पुढे चालतं, म्हणून दुपारचा नमाज बाराला नसून वर्षभर एकच्या आसपास असतो. त्यानंतरचा नमाज मात्र ऋतूप्रमाणे बराच सरकतो. मे महिन्यात तो पाचच्या सुमारास असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर चारच्या सुमारास, तर डिसेंबरात साडेतीनच्याही आधी. प्रत्येक नमाजाच्या आगेमागे मिळून साधारण तास-दीड तास पर्यटकांना आत सोडत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात दुपारी मशीद बघायला जेमतेम तासभर उरतो आणि सगळी गर्दी त्याच तासात उसळते. त्या दिवसाच्या वेळा namazvakitleri.diyanet.gov.tr वर मिळतात. तिथे Öğle म्हणजे दुपारचा नमाज आणि İkindi म्हणजे त्यानंतरचा, एवढे दोन रकाने पाहिले की पुरे. शुक्रवार या बेतासाठी घेऊच नका. जुम्म्याच्या नमाजामुळे निळी मशीद पर्यटकांना साधारण अडीचनंतरच उघडते.

आता कपडे. बायकांना डोकं, खांदे, हात आणि पाय झाकावे लागतात. आपला सलवार-कुर्ता या नियमात जवळजवळ जसाच्या तसा बसतो, अडचण असते ती ओढणीची. शिफॉनची किंवा जाळीची ओढणी आरपार दिसते आणि बूट काढायला वाकलं की घसरून खांद्यावर येते. तुळशीबागेत मिळणारी साधी सुती ओढणी, दोनेक मीटर लांब, आणि दोन सेफ्टी पिना एवढ्यात काम होतं. ओढणी कपाळावरून घेऊन हनुवटीखाली एक पिन लावायची आणि उरलेलं टोक खांद्यावर टाकायचं. लेगिंग्जवर आखूड टॉप असेल तर दारावरचा माणूस कमरेला गुंडाळायचा घागरा हातात देतो, कारण पाय झाकलेले असले तरी कपडा अंगाला चिकटलेला असतो. साडी चालते, पण पाठ आणि कंबर उघडी राहता कामा नये. पदर डोक्यावर घेऊन दिवस निभावत नाही, वेगळी शाल जवळ असूच द्या. नऊवारीत पोटऱ्या दिसतात, म्हणून आजींसाठी खाली लेगिंग्ज घालून पाहण्यापेक्षा त्या दिवसापुरती सहावारीच बरी.

पुरुष जास्त वेळा अडतात ते बर्मुडामुळे. उभं असताना गुडघ्याला टेकणारी चड्डी चालताना वर जाते, आणि पहारेकरी तेच बघतो. सरळ पूर्ण पँट घाला. बिनबाह्यांचा बनियनसारखा टी-शर्ट चालत नाही. डोक्यावर टोपी असली तर मशिदीत ती काढायची गरज नाही.

निळ्या मशिदीत साडेआठच्या सुमारास अंगणाच्या रांगेत उभं राहिलं तर रांग पटकन सरकते. प्रवेश फुकट आहे. ओढणी विसरली असेल तर पर्यटकांच्या दाराशी उसनी मिळते, पण ती दिवसभर अनेकांच्या डोक्यावरून फिरलेली असते. बूट कुठे काढायचे हे आपल्याला शिकवावं लागत नाही, कसे काढायचे ते मात्र पाहून घ्या. गालिच्याच्या कडेला उभं राहायचं, एक बूट काढून तो पाय थेट गालिच्यावर ठेवायचा, मग दुसरा. मोज्यांनी बाहेरच्या फरशीवर उभं राहून तोच पाय गालिच्यावर ठेवला तर तिथल्या माणसांना ते खटकतं, कारण त्या गालिच्यावर लोक कपाळ टेकवतात. बूट कापडी पिशवीत घाला किंवा मांडणीत ठेवा, तळवा गालिच्याला लागू देऊ नका. बंदाचे बूट असले की मागची रांग तुंबते, त्या दिवशी सहज निघणारे घाला.

आत कठड्यापलीकडची जागा नमाज पढणाऱ्यांची. अलीकडेही कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नका, मागून वळसा घ्या. त्याचा फोटो काढू नका, फ्लॅश तर नकोच. बसायला हरकत नाही, पण मेहराबीकडे, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे, पाय पसरून नाही. आणि डब्यातला चिवडा, लाडू बाहेर बागेत. देवळाच्या सभामंडपात चालतं म्हणून इथे पिशवी उघडू नये.

आयासोफियाचा मामला वेगळा आहे. मधली अनेक वर्षं ते संग्रहालय होतं, 2020 पासून तिथे पुन्हा नमाज होतो. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या सज्जात नेतात, तिकीट त्याच वेळी 25 युरो ठरलं. खालचा मजला प्रार्थनेसाठी राखलेला आहे. वर गालिचा नाही म्हणून बूट पायातच राहतात, पण बायकांचं डोकं झाकलेलंच हवं.

ऑक्टोबरात बाराच्या सुमारास तिथून बाहेर पडून जेवून घ्यावं आणि दोनच्या पुढे सुलेमानियेत शिरावं. वास्तुकार सिनानने बांधलेली ही मशीद 1557 मध्ये पूर्ण झाली. इथे गर्दी कमी असते, निवांत बसता येतं. सव्वातीनपर्यंत बाहेर या, मागच्या दफनभूमीत सुलतान सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत. मग उतारावरून एमिनोनूला, तिथून ट्रामने काबाताश आणि चढावर दोरीने ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाडीने तक्सीम, इस्तिकलाल रस्ता तिथूनच सुरू होतो.

सेंट अँथनी हे लाल विटांचं कॅथलिक चर्च. दिवसभराच्या सवयी इथे उलट्या करायच्या. बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची, गांधी टोपीसुद्धा. बायकांनी डोकं झाकलं नाही तरी चालतं, खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले हवेत. बाकासमोर खाली जी गादीची फळी असते ती गुडघे टेकायला आहे, तिच्यावर पाय ठेवू नका. मेणबत्ती लावायची तर शेजारच्या पेटीत पैसे टाकून लावावी.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात आणि पाद्री प्रत्येकाला एक पातळ पांढरी चकती देतो. आपल्याला तो प्रसाद वाटतो आणि हात आपसूक पुढे जातो. ती फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असते, त्यांच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचं शरीरच असतं. म्हणून त्या वेळी जागेवर बसून राहायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. चुकून हातात आलीच तर घरच्यांसाठी रुमालात बांधून घेऊ नका, लगेच पाद्रीला परत द्या.